माद्रुगार आणि एस्त्रेनार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा आपण फोनवर बोलत होतो तेव्हा शेजारच्या आजी दारातूनच काहीतरी बोलून निघून गेल्या आणि तुम्ही विचारलंत, "काय म्हणाल्या गं त्या?" मी तेव्हा "उद्या लवकर उठायचंय त्यांना" एवढंच सांगून विषय संपवला. त्या म्हणाल्या होत्या, "मान्याना माद्रुगो." मान्याना म्हणजे उद्या, आणि उरलेलं सगळं त्या एका माद्रुगोत. हे स्पॅनिश क्रियापद आहे माद्रुगार. त्याचं भावंड शोभेल असं आणखी एक आहे, एस्त्रेनार. इथे सेव्हियात राहायचं तर या दोघांवाचून पान हलत नाही, म्हणून आज सावकाश लिहिते.

माद्रुगारचा कोशातला अर्थ पहाटे किंवा फार लवकर उठणं. इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द लागतात, आपल्यालाही "पहाटे उठणं" असे दोन लागतात. पण गंमत अर्थात नाही, तो शब्द लोक कधी काढतात त्यात आहे. इथे रात्रीची जेवणं साडेनऊ-दहाला सुरू होतात आणि जेवून झाल्यावर तासन् तास गप्पा चालतात. त्यातून कुणाला उठायचं असेल तर नुसतं "मी निघतो" म्हणून भागत नाही, सगळे मिळून पुन्हा खाली बसवतात. "मान्याना माद्रुगो" म्हटलं की मात्र सोडतात. किती वाजता उठायचंय, कशाला उठायचंय, कुणी विचारत नाही. "उद्या सहाला उठायचंय" ही झाली माहिती. माद्रुगो म्हणजे झोप मोडून उठावं लागणार, बिचारी, जाऊ द्या तिला. सकाळी ऑफिसात डोळे चोळत आलेला माणूस हाच शब्द तक्रार म्हणून वापरतो. फारच लवकर उठावं लागलं असेल तर त्याचं नाम आहे, माद्रुगोन. "कसला माद्रुगोन झाला आज!" म्हणायचं आणि कॉफी मागवायची.

नक्की किती वाजता उठलं की माद्रुगार होतं, याला नियम नाही. रोज नऊला उठणाऱ्याला सातही पुरतात आणि रविवारी तर आठसुद्धा. तुम्हाला हसू येईल, पण हिवाळ्यात इथे सात वाजता मिट्ट काळोख असतो. डिसेंबरच्या शेवटी सेव्हियात सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो. कारण सूर्याचं नाही, घड्याळाचं आहे. 1940 साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत स्पेनचं घड्याळ तासभर पुढे नेऊन मध्य युरोपाला जुळवलं, ते आजतागायत तसंच आहे. त्यामुळे इथला साधा नोकरदार हिवाळाभर अंधारातच घराबाहेर पडतो, आणि सातला उठून माद्रुगार केल्याचं सांगतो तेव्हा अगदीच काही थापा मारत नसतो.

आता तुमच्या दोघांचं. बाबा, तुम्ही चारला उठून आंघोळ-पूजा आटोपून दुकानाची किल्ली घेता, म्हणजे तुम्ही पक्के माद्रुगादोर. आईचं तसं नाही. आई, तू तीनला जागी होतेस आणि सहापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर करतेस, त्याला इथे कुणी माद्रुगार म्हणणार नाही. ते नुसतं जागं होणं, त्याला वेगळं क्रियापद आहे. अंथरूण सोडून उठलं पाहिजे, आणि कामाला लागलं पाहिजे. (गुडघ्याचं तेल रात्री झोपतानाच लावत जा, म्हणजे निदान गुडघ्यापायी तरी जाग येणार नाही.)

आपल्याकडे "लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे" म्हणून तुम्ही आम्हाला उठवायचात. इथेही म्हण आहे, जो पहाटे उठतो त्याला देव मदत करतो. पण तिच्यावर उतारा म्हणून लगेच दुसरी तयार असते: कितीही लवकर उठलास तरी उजाडायचं तेव्हाच उजाडणार. पहिली आईबाप म्हणतात, दुसरी मुलं. मेक्सिकोत तर हे क्रियापद माणसावरही चालवतात. कुणी आपल्याआधी डाव साधला तर "त्याने मला माद्रुगार केलं" म्हणतात, म्हणजे मी झोपेत असताना त्याने बाजी मारली. राजकारणात हे बरंच ऐकू येतं म्हणे.

एक घोळ मात्र नवख्याचा होतोच. याच शब्दाचं नाम आहे माद्रुगादा, आणि ती आपल्या पहाटेसारखी चारला सुरू होत नाही. आपण ज्याला रात्रीचे दोन म्हणतो ते इथे माद्रुगादाचे दोन. म्हणून माद्रुगादाला घरी परतणारा माणूस माद्रुगार करत नसतो, उलट करत असतो. त्या उलट्यालाही एकच शब्द आहे, त्रास्नोचार, म्हणजे रात्र जागवणं. आमच्या शहरातली वर्षातली सर्वांत मोठी रात्र म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या गुरुवार-शुक्रवारच्या मधली. अंदालुसियाची, म्हणजे आमच्या या प्रांताची, माणसं बोलताना शब्दातला द गिळतात, त्यामुळे तिचं नावच ला माद्रुगा पडलंय. माकारेना, त्रियानाची एस्पेरान्सा, ग्रान पोदेर, अशा सहा धार्मिक संघांच्या मिरवणुका रात्रभर गल्ल्यांतून फिरतात आणि काही तर दुसऱ्या दिवशी दुपारी आपापल्या देवळात परततात. रस्त्यावरची गर्दी सगळी त्रास्नोचार करणारी. आमच्या आजी मात्र संध्याकाळीच झोपतात आणि पहाटे चारला उठून ताज्यातवान्या तिथे जाऊन उभ्या राहतात. त्याच एकट्या माद्रुगार करून माद्रुगाला जातात, असं त्या स्वतःच हसत सांगतात.

त्याच आठवड्याची सुरुवात होते ती दुसऱ्या क्रियापदाने. एस्त्रेनार म्हणजे एखादी वस्तू पहिल्यांदा वापरायला काढणं. आई, तुझ्याकडे याचा अर्धा शब्द आहे: साडीची घडी मोडणं. पण घडी मोडायची ती कापडाचीच. बुटांची, घराची, गाडीची मोडता येत नाही. घराला आपण वास्तुशांत करतो, गाडीला हार घालून लिंबू ठेवतो, प्रत्येकाचा सोपस्कार निराळा. इथे सगळ्याला एकच एस्त्रेनार. नवे बूट, नवं घर, नवी गाडी, नवा चष्मा, नवं पद, आणि सिनेमाही. सिनेमा शुक्रवारी लागतो तेव्हा त्याचा एस्त्रेनो असतो.

पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, इथे म्हणतात: "दोमिंगो दे रामोस, एल के नो एस्त्रेना, नो तिएने मानोस." या रविवारी जो नवीन काही घालत नाही त्याला हात नाहीत. आपल्या पाडव्याच्या नव्या कपड्यांसारखंच, फक्त धमकी जरा जास्त. ज्यांना खर्च परवडत नाही किंवा कंटाळा येतो ते मोज्यांचा जोड तरी नवा घालतात आणि "मी मोजे एस्त्रेनार केले" म्हणून हात वाचवतात. संघांचंही हेच. यंदा कुणी नवी भरतकामाची छत्री काढली, कुणाचे चांदीचे दिवे नवे, कुठल्या बँडची नवी धून, या एस्त्रेनोंच्या याद्या स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात आणि लोक चवीने वाचतात.

आजींनी यंदा काळे बूट घेतलेत. तासन् तास उभं राहायचं, नवे बूट चावतात, म्हणून गेला आठवडाभर जाड मोजे घालून त्या स्वयंपाकघरात तेच बूट घालून फिरतायत. मी म्हटलं, मग झालं की एस्त्रेनार. तर रागावल्याच. घरातल्या घरात घातलेलं धरायचं नाही म्हणे, ते नुसतं बूट माणसाळवणं. चारचौघांनी पाहिलं की मग एस्त्रेनार. मला ते पटलं. हा शब्द काढणाऱ्याला बघणारा हवा असतो. कुणी नवा कोट घालून आलं तर "एस्त्रेनास?" असं विचारावंच लागतं, नाहीतर आपण बघितलं नाही असं होतं.

खाण्यापिण्याला तो लागत नाही. दह्याचा डबा उघडतात, एस्त्रेनार करत नाहीत, कारण खाल्लं की संपलं. वस्तू पुढे वापरात राहणारी हवी. आणि एखाद्या गावी पहिल्यांदा गेलं तरी ते गाव आपलं एस्त्रेनार होत नाही. मात्र वस्तू किती जुनी आहे याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. 2008 नंतर इथे बांधकामधंदा कोसळला आणि बांधून तयार झालेली घरं वर्षानुवर्षं रिकामी पडली. जाहिरातीत ती तरीही "आ एस्त्रेनार" म्हणूनच यायची, कारण आत कुणी राहिलेलंच नव्हतं. त्या हिशेबाने आई, तुझ्या कपाटातली ती जांभळी पैठणीसुद्धा आ एस्त्रेनार. दादाच्या लग्नातली असली म्हणून काय झालं? यंदा पाडव्याला काढ. कसर लागली की मग कुठलंच क्रियापद चालणार नाही.

बाबा, तुमच्यासाठीचं शेवटी ठेवलंय. हा शब्द लॅटिनमधल्या स्त्रेना वरून आला. स्त्रेना म्हणजे शुभशकुन, आणि त्यावरून रोमन लोक नव्या वर्षाला एकमेकांना द्यायचे ती भेट. तो शकुन स्पॅनिशमध्ये एका ठिकाणी अजून शिल्लक आहे. दुकानदाराची दिवसाची पहिली विक्री झाली की तो "एस्त्रेनार झालो" म्हणतो. म्हणजे आपली भवानी! गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी दुकानदार म्हणतो, "अजून एस्त्रेनार झालो नाही," अगदी तुमच्याच सुरात. फुटबॉलच्या हंगामात गोल न केलेल्या खेळाडूबद्दलही लोक हेच म्हणतात. भवानीच्या वेळी उधार मागणाऱ्याला तुम्ही परत पाठवता, तसलं काही इथे चालतं का, ते एकदा बाजारात विचारून घेते.

आई, तू पाठवलेला निळा कुर्ता मी मुद्दाम घातलेला नाही, येत्या रविवारी घालणार आहे. दुपारी मिरवणूक गल्लीत आली की व्हिडिओ कॉल करते, तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ असेल. बाबांना दुकान थोडं लवकर बंद करायला सांग.

तुमची,
मनू