तेरा वर्षांचा तक्ता, साडेदहा वर्षांची हाडं

प्रिय सुधीर,

तुझ्या चिन्मयची उंची कमी म्हणून केलेले रिपोर्ट काल रात्रीच मिळाले. 'दोन्ही हार्मोन कमी आलेत, आता आयुष्यभर इंजेक्शनं का?' हे तुझं वाक्य वाचून झोप लागेना, म्हणून सकाळी आधी कागद घेऊन बसलो. फोनवर तू मधेच घाबरून जातोस आणि अर्धं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवतोय. वहिनींनाही वाचायला दे.

आधी ग्रोथ हार्मोनचा आकडा. ०.४ आला आणि बाजूला लाल खूण आहे. हा आकडा तू सरळ बाजूला ठेव. रक्त सकाळी दहाला घेतलंय. ग्रोथ हार्मोन दिवसभर एकसारखं वाहत नसतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी ते लाटांमध्ये सोडते, आणि मोठ्या लाटा येतात गाढ झोपेत. रक्तात आल्यावर साधारण वीस मिनिटांत त्यातलं निम्मं नाहीसं होतं. त्यामुळे दोन लाटांच्या मध्ये सुई टोचली तर अगदी निरोगी, उंच मुलातही आकडा शून्याच्या आसपासच येणार. अशी एकट-दुकट तपासणी मुळात सांगायलाच नको होती. तिच्यावरून ना कमतरता ठरते, ना सगळं ठीक आहे हे ठरतं.

आयजीएफ-१ ची गोष्ट वेगळी. ग्रोथ हार्मोनचा हुकूम आला की मुख्यतः यकृत ते तयार करतं. रक्तात ते प्रथिनांना बांधलेलं राहतं, म्हणून तासन् तास टिकतं आणि दिवसभरात फारसं खालीवर होत नाही. म्हणून या आकड्याकडे मी नीट पाहतो. चिन्मयचा १२८ आहे आणि लॅबने तेरा वर्षांच्या मुलांसाठी १४० ते ५०० अशी मर्यादा छापलीय. म्हणून लाल.

पण ही तेरा वर्षांची मुलं कोण? त्यातल्या बऱ्याच जणांचं वयात येणं सुरू झालेलं असतं, आणि त्या काळात आयजीएफ-१ दुप्पट-तिप्पट चढतं. चिन्मयच्या डाव्या हाताचा एक्स-रे मी स्वतः पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी, सांध्याच्या आतल्या बाजूला एक तिळाएवढं हाड असतं. मुलगा वयात येऊ लागला की साधारण त्याच सुमारास ते एक्स-रेत दिसायला लागतं. चिन्मयच्या फिल्मवर तिथे अजून काहीच नाही. बाकी मनगटाची हाडंही साडेदहा वर्षांच्या चित्राशी जुळतात. म्हणजे कॅलेंडरने तो तेरा वर्षं चार महिन्यांचा असला, तरी त्याचं शरीर साडेदहाच्या पायरीवर उभं आहे. त्याच लॅबच्या तक्त्यात साडेदहा वर्षांची मर्यादा काढून बघ: ८५ ते ३३०. त्यात १२८ आरामात बसतो. खालच्या बाजूला आहे हे खरं, पण आत आहे.

उंचीचंही तेच. १३८ सेंटिमीटर तेराव्या वर्षाला तक्त्याच्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली जाते. साडेदहा वर्षांच्या मुलांत बसवली तर मधल्या रेषेच्या जरा खाली, बस. तू १७०, वहिनी १५६. दोघांच्या बेरजेत मुलासाठी १३ मिळवून निम्मे केले की १६९.५ येतात. त्याला त्या आसपास पोचायला वाढीचा वेळ अजून शिल्लक आहे. आणि सुधीर, तुला आठवतं का, शाळेच्या प्रार्थनेत तू शेवटपर्यंत पहिल्याच रांगेत होतास. शाळा संपल्यावर दोन वर्षांनी भेटलास तेव्हा मान वर करून बोलावं लागलं होतं मला. हा इतिहास तुझ्या डॉक्टरांना सांगितलास का? नसशील तर सांग. उशिरा वाढणं घराण्यात चालत येतं, आणि रक्ताच्या कुठल्याही आकड्याइतकंच त्याला वजन आहे.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो, नाहीतर तू लगेच निर्धास्त होशील. हाडाचं वय मागे आहे एवढ्यावरून 'हा नुसता उशिरा वाढणारा' असं म्हणता येत नाही. खऱ्या ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेतही हाडं मागेच राहतात. थायरॉइड मंद असेल तरी राहतात. गव्हाची ॲलर्जी म्हणून लोक ज्याला ओळखतात त्या सीलिएक आजारातही राहतात. शिवाय मुलगा पुरेसं खात नसेल तर ग्रोथ हार्मोन भरपूर असूनही यकृत हुकूम ऐकत नाही आणि आयजीएफ-१ घसरतं. चिन्मयचं वजन तू लिहिलंच नाहीस, ते कळव. थायरॉइडमध्ये फक्त टीएसएच बघून थांबू नका, सोबत फ्री टी-४ पण हवं. टीएसएच पिट्यूटरीच सोडते, म्हणून दोष तिथेच असेल तर ते नॉर्मल दिसून फसवतं. सीलिएकसाठी टीटीजी ही रक्ताची तपासणी करा आणि त्याबरोबर एकूण आयजीए. टीटीजीत आयजीए प्रकारच्याच अँटिबॉडी शोधतात, त्यामुळे आयजीए मुळातच कमी असेल तर ते खोटं निगेटिव्ह येतं.

फरक सगळ्यात चांगला कळतो तो वाढीच्या वेगावरून. तू शाळेच्या कार्डावरून पाठवलेल्या उंच्या मांडल्या: मागच्या वर्षी ४.६ सेंटिमीटर, त्याआधी ४.९. वयात येण्याआधीच्या मुलाला हे चालतं. या टप्प्यावर वेग थोडा मंदावतोही. वर्षाला चारच्या खाली गेला असता, किंवा तक्त्यावरची रेघ वर्षागणिक खाली घसरत असती, तर मी तुला आजच बोलावलं असतं. डोकं दुखणं, उलट्या, नजर कमी होणं, खूप तहान आणि सारखी लघवी यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नकोस.

तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेली स्टिम्युलेशन टेस्ट, म्हणजे क्लोनिडीनची गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं आणि ग्रोथ हार्मोन किती चढतं ते बघायचं, ती मी सध्या करणार नाही. भीती त्रासाची नाही, चुकीच्या उत्तराची आहे. वयात न आलेल्या मुलांची पिट्यूटरी अशा चाचण्यांत आळस करते. १९९४च्या एका अभ्यासात नॉर्मल उंचीच्या, वयात न आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जण ७ ची पातळीसुद्धा गाठू शकले नव्हते, आणि अनेक ठिकाणी पास व्हायला १० लागतात. त्याच चाचण्या सेक्स हार्मोन आधी देऊन केल्या की बहुतेक जण पार होतात. म्हणून अकराच्या पुढच्या, वयात न आलेल्या मुलाला चाचणीच्या आठ-दहा दिवस आधी टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन देऊन तयार करतात. पुढे कधी टेस्ट करायची वेळ आलीच, तर 'प्रायमिंग करणार का?' हे तूच विचार. तसं न करता चिन्मय नापास झाला, तर त्या कागदावरून रोजचं इंजेक्शन सुरू होईल आणि नंतर ते थांबवायचा धीर कोणालाच होणार नाही.

दुसरं म्हणजे, डॉक्टरांना अंडकोषाचा आकार मोजायला सांग. त्यासाठी मण्यांची एक माळ असते, प्रत्येक मण्यावर मिलिलिटरचा आकडा. चार आला की वयात येणं सुरू झालं. चिन्मयला लाज वाटेल, तर तू बाहेर थांब. चौदा पूर्ण झाले तरी चार येत नसेल तर बोलू. तेव्हा टेस्टोस्टेरॉनचा छोटा कोर्स देऊन गाडी ढकलता येते.

तोवर घरी उंची दर तीन महिन्यांनी घ्या, सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर सपाट पुस्तक धरून. तीन वेळा मोजून मधला आकडा तारखेसह वहीत लिही. रोज भिंतीशी उभा करू नकोस त्याला. आयजीएफ-१ सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये. लॅब बदलली की मर्यादाही बदलते.

वजन आणि थायरॉइडचे रिपोर्ट मिळाले की पाठव. रविवारी दुपारी मी मोकळा आहे. आणि चिन्मयला फोन दे, पहिल्या रांगेतल्या तुझी गोष्ट मलाच त्याला सांगायची आहे.

तुझाच,
अविनाश