‘स्टेशनजवळ’ म्हणजे नक्की कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला रस्ते शोधण्यावरचा लेख वाचला. रात्रभरात राग उतरेल असं वाटलं होतं, उतरला नाही. लेखकमहाशयांचं म्हणणं असं, की मुंबईत रस्त्यांना पाट्या नसल्या तरी काही अडत नाही. शहराचा नकाशा मोबाइलवर उतरवून ठेवा, नेट नसलं तरी चालतो, कुणाला विचारायची गरजच नाही. लेख छान आहे. फक्त लेखकमहाशय गाडीतून हिंडत असावेत, अशी शंका येते.

मी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेते. लालबाग, परळ, डिलाईल रोड, दादर हा माझा पट्टा. सकाळी सहाला कामाला लागते आणि पायी फिरते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लालबागचं एक घर उरकलं, पुढचं होतं डिलाईल रोडला. एका आजोबांची उपाशीपोटी साखर तपासायची होती, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या मुलाने आदल्या रात्री पत्ता पाठवला होता : ना. म. जोशी मार्ग, करी रोड स्टेशनजवळ, गणपतीच्या देवळाशेजारी. सोबत लोकेशन. लोकेशन पाठवताना ते किती मीटरपर्यंत अचूक आहे हे स्क्रीनवर लिहून येतं, पण ते वाचतो कोण? चाळींच्या भागात पन्नास मीटर इकडेतिकडे म्हणजे दुसरी चाळ, नाहीतर थेट रुळांपलीकडे.

पावसात नेट गेलं. म्हटलं, घाबरायचं कारण नाही, नकाशा उतरवलेला आहे. निळा ठिपका दिसतही होता, कारण तो उपग्रहावरून येतो, त्याला नेट लागत नाही. पण बहुतेकांच्या फोनमध्ये जो नकाशा असतो, तो नेट गेलं की फक्त गाडीचा रस्ता दाखवतो. पायी चालणाऱ्याचा रस्ता नेटबरोबरच जातो. ही एक ओळ तुमच्या अख्ख्या लेखात नाही. मी आंबेडकर रोडवर पुलाच्या खाली उभी, आणि नकाशाच्या मते मी पुलाच्या वर. वर-खालचं त्याला कळत नाही. तो मला सांगत होता, पुढे जा, उतरा आणि वळसा घालून परत या. हातात रक्ताच्या बाटल्यांची पेटी, दुसऱ्या हातात छत्री, आणि मी म्हणे फ्लायओव्हर उतरायचा!

शेवटी चहाच्या टपरीवर विचारलं, “ना. म. जोशी मार्ग कुठे?” टपरीवाला आणि दोन गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत राहिली. म्हटलं, डिलाईल रोड. “मग असं बोला ना, ताई! भारतमाता सिनेमापासून करी रोडचा पूल चढा, रूळ ओलांडले की पुढे डिलाईल रोडच लागतो.” नाव बदलल्याला किती वर्षं झाली देव जाणे, लोकांनी जुनं काही सोडलेलं नाही. नाहीतरी दादरला आपण अजून टीटीला उतरतो. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, आणि मुंबईतली शेवटची ट्राम १९६४ साली बंद झाली. त्यामुळे पत्त्यावर सरकारी नाव असलं तरी विचारताना जुनं नाव विचारावं, हे माझं ठरलेलं होतं. त्या दिवशी घाईत विसरले.

पूल ओलांडला. आता गणपतीचं देऊळ. त्या भागात गणपतीची देवळं किती आहेत हे मुलाला सांगायला हवं होतं का? शिवाय त्याने फोनवर ‘कोपऱ्यावर वडापावची गाडी आहे’ असंही सांगितलं होतं. सकाळी सातला वडापावची गाडी नसते. तिच्या जागी फक्त तेलाचा काळा डाग असतो. दुकानांची शटरं बंद, एकसारखी करडी. एका टॉवरच्या वॉचमनला विचारलं, त्याला आपल्या टॉवरपलीकडचं काही माहीत नव्हतं. बिचारा गावाहून येऊन दोन महिने झालेला. मग मी चूक केली. एका गृहस्थांना म्हटलं, “देऊळ याच बाजूला ना?” ते “हो हो” म्हणाले. असं विचारलं की माणूस होच म्हणतो, नाही म्हणायला त्याच्या जिवावर येतं. “देऊळ कुठल्या बाजूला?” असं विचारायला हवं होतं. दहा मिनिटं उलट चालले.

वाट सापडली ती फुटपाथवर पेपरचे गठ्ठे लावत बसलेल्या माणसाकडून. त्याने रस्ता विचारलाच नाही, आडनाव विचारलं. मग म्हणाला, “तिसरा मजला, शेवटची खोली, जिना मागून आहे.” आणि वर सांगितलं, “पाण्याची मोठी टाकी दिसली तर समजा पुढे आलात, मागे फिरा.” चुकल्याची खूण सांगणारी माणसं कमी असतात. सकाळच्या वेळी पेपरवाला, दूधवाला आणि इस्त्रीवाला यांनाच विचारावं. त्यांना मजल्यासकट माहीत असतं. पोस्टखात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला, दहा अक्षरांचा, साधारण चार मीटरच्या चौकोनाचा. चांगलंच आहे, पण चार मजली चाळीत खालपासून वरपर्यंत एकच कोड येणार.

पोचले तेव्हा पावणेआठ. आजोबांनी चहा घेतला होता, बिस्किटासकट. त्यांची सून म्हणाली, “ते तरी किती वेळ उपाशी थांबणार?” खरं होतं. दुसऱ्या दिवशी परत गेले. त्या फेरीचे पैसे मला मिळाले नाहीत, हा वेगळा विषय.

तेव्हापासून मी आदल्या रात्री फोन करते. स्टेशन कुठलं आणि पूर्व की पश्चिम, हे आधी. मग सकाळी सातलाही जागेवर असेल अशी खूण : वडाचं झाड, पाण्याची टाकी, चाळीचा नंबर, चालेल. लोकेशन उघडून ठिपका रुळांच्या कुठल्या बाजूला पडतो ते बघते. भाच्याने ऑर्गॅनिक मॅप्स टाकून दिलं आहे. त्यात नेट नसतानाही पायी रस्ता निघतो आणि रेल्वेचे पादचारी पूल, जिने दिसतात. चाळींची नावं मात्र त्यातही निम्मीअर्धीच, तिथे तोंडच उघडावं लागतं.

आणि पाट्यांचं म्हणाल, तर कोपऱ्याकोपऱ्यावर त्या असतातही हो. त्यांच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक बांधलेला असतो.

जाता जाता एक. लेखात लोकांना शहाणपण शिकवता, पण तुमच्या ‘आजचे कार्यक्रम’मध्ये गेल्या शनिवारी काय छापलं होतं? ‘सभागृह, दादर, स्टेशनजवळ.’ दादरला पूर्व-पश्चिम असते, पूल अनेक आहेत आणि ‘जवळ’ला माप नाही. मी टिळक पुलाच्या दोन्ही बाजू फिरून पोचले तेव्हा आभारप्रदर्शन चालू होतं. निदान कुठला पूल उतरायचा तेवढं छापा, जागा कमी पडत असेल तर पाहुण्यांच्या पदव्या गाळा.

पत्र छापलंत तर नाव छापू नका. आजोबांच्या सुनेला मी ‘ट्रॅफिक होतं’ असं सांगितलं आहे.

– एक वाचक, भांडुप