देय तारीख उजाडताच बंद पडणारी पैशांची मागणी

व्यवस्थापक, तक्रार निवारण विभाग यांस,

आज सकाळी तुमच्या मदत केंद्राशी चौथ्यांदा बोललो आणि त्यानंतरच हे पत्र लिहायला बसलो आहे.

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या 18,437.50 रुपयांच्या बिलासाठी मी तुमच्या ॲपवरून गिऱ्हाइकाला यूपीआय कलेक्ट रिक्वेस्ट पाठवली आणि देय तारीख 10 घातली. रक्कम व बिल क्रमांक आधीच भरलेले असतात, गिऱ्हाइकाने फक्त पाहून पिन टाकायचा असतो, म्हणूनच मी ही सोय घेतली. गिऱ्हाईक 10 तारखेला संध्याकाळी पैसे भरायला बसले, तेव्हा मागणीची मुदत संपलेली होती. तुमच्या नोंदीत ती 10 तारीख सुरू होताच, रात्री 12 वाजता बंद झालेली दिसते.

देय तारीख म्हणजे पैसे कधीपर्यंत यायला हवेत तो दिवस, आणि मुदत म्हणजे ज्यानंतर मागणी मंजूरच करता येत नाही ती वेळ. यूपीआयमध्ये ही मुदत मिनिटांत ठरते आणि 64,800 मिनिटांपर्यंत, म्हणजे 45 दिवस ठेवता येते. तेव्हा देय तारखेनंतरही काही दिवस मागणी जिवंत ठेवायला अडचण कोणती होती? तुमच्या पडद्यावर मात्र तारखेचा रकाना एकच आहे आणि त्याच तारखेने तुम्ही मुदत संपवता.

नाइलाजाने गिऱ्हाइकाने माझ्या काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून रक्कम हाताने टाकली. ती पडली 18,347.50 रुपये. दोन अंकांची अदलाबदल झाली, 90 रुपये कमी आले आणि सोबत बिल क्रमांकही आला नाही. परिणामी तुमच्या ॲपमध्ये बिल अजून थकीत दिसते आणि पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला तुमच्याकडून स्मरणपत्रे जात आहेत.

हे सगळे सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "तुमच्या गिऱ्हाइकाला आकडा नीट टाकायला सांगा." मी म्हटले, आकडा टाकावा लागू नये म्हणूनच तर ही सेवा आहे. त्यावर, "मग सर, पुढच्या वेळी 11 तारीख घाला." म्हणजे छापील बिलावर 10 आणि मागणीवर 11 तारीख, आणि वाद झाला तर उत्तर मी द्यायचे! त्यांनी फोन ठेवला तेव्हा मी अजून बोलत होतो. बारा वर्षांचे गिऱ्हाईक मला विचारते की भरलेले पैसे पुन्हा का मागता, याची लाज तुम्हाला नसेल, मला आहे.

देय तारीख आणि मुदत यांचे रकाने वेगळे करा, तोपर्यंत मुदत देय तारखेच्या रात्री 11.59 पर्यंत तरी ठेवा, आलेले पैसे 12 अंकी व्यवहार क्रमांकावरून माझ्या बिलाला जोडा आणि स्मरणपत्रे आजच थांबवा. सात दिवसांत हे झाले नाही, तर मी खाते बंद करीन आणि आमच्या व्यापारी संघात या पत्राच्या प्रती वाटीन.

एक खातेदार