विषय : महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाचा रिमाइंडर ॲपने परस्पर बदलल्याबाबत तक्रार

दिनांक : 8 डिसेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

आपल्या कॅलेंडर ॲपची वार्षिक वर्गणी आमचा कारखाना नियमितपणे भरतो. लेखा विभागात आम्ही त्यावर मुख्यतः एकाच कामासाठी विसंबून असतो : कामगारांचे पगारपत्रक आणि धनादेश महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी सकाळी बँकेच्या शाखेत पोहोचवणे. सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, बाकीचे शनिवार कामकाजाचे असतात, त्यामुळे हा दिवस कधी सोमवार ते शुक्रवारपैकी एक असतो, तर कधी पाचवा शनिवार. पहिला आणि तिसरा शनिवार महिनाअखेरीस येऊच शकत नाही, म्हणून नियमात फक्त पाचव्याची नोंद पुरते.

आपल्या ॲपच्या 'दर महिन्याला' या पर्यायात ठरावीक तारीख किंवा ठरावीक वार एवढेच निवडता येते. म्हणून आम्ही पुढील नियमाची .ics फाइल तयार करून आयात केली आणि ॲपने ती विनातक्रार स्वीकारली.

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250531T100000
RRULE:FREQ=MONTHLY;BYDAY=MO,TU,WE,TH,FR,5SA;BYSETPOS=-1
```

महिन्यातले सोमवार ते शुक्रवार आणि पाचवा शनिवार गोळा करायचे आणि त्यांतला शेवटचा दिवस घ्यायचा, एवढाच याचा अर्थ आहे; शेवटून पहिला घेण्याचे काम BYSETPOS=-1 करते. त्याप्रमाणे शनिवार 31 मे, सोमवार 30 जून आणि गुरुवार 31 जुलै या दिवशी रिमाइंडर अचूक आला. 31 जुलैला आम्ही त्याची वेळ दहाऐवजी साडेनऊ केली आणि 'ही व पुढील सर्व' हा पर्याय निवडला. तारखेला हातही लावला नव्हता.

ऑगस्टमध्ये रिमाइंडर रविवारी, 31 तारखेला आला. कामकाजाचा शेवटचा दिवस शनिवार, 30 ऑगस्ट होता आणि तो निघून गेला होता. सप्टेंबरमध्ये रिमाइंडर आलाच नाही. पगारपत्रक 1 ऑक्टोबरला शाखेत गेले, 2 तारखेला दसऱ्याची सुट्टी होती आणि रक्कम 3 तारखेला जमा झाली. सणाच्या दिवशी कामगारांच्या खात्यांत पगार नव्हता, याचे उत्तर आम्हाला द्यावे लागले. शुक्रवार, 31 ऑक्टोबरला मात्र रिमाइंडर बरोबर आला आणि त्यामुळेच सप्टेंबरची चूक फोनमधील सूचनांच्या गोंधळामुळे झाली असावी असा आमचा समज झाला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा शुकशुकाट होता. शनिवार, 29 तारीख आमच्या एका सहकाऱ्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहून साधली, आणि त्यानंतर आम्ही तीच नोंद ॲपमधून निर्यात करून नोटपॅडमध्ये उघडली. त्यात नियम असा होता :

```
RRULE:FREQ=MONTHLY;BYMONTHDAY=31
```

म्हणजे वेळ बदलताना ॲपने आमचा नियम टाकून दिला आणि ज्या दिवशी बदल केला त्या दिवसाची तारीख त्याच्या जागी बसवली. ज्या महिन्यांत 31 तारीख नाही ते महिने वगळणे हे RFC 5545 या मानकाला धरूनच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी आहे की जो नियम आपल्या पडद्यावर दाखवता येत नाही तो ॲप आयात करते, काही महिने पाळते आणि पहिल्याच दुरुस्तीला एका शब्दाने न कळवता बदलते.

आपल्या सेवा केंद्राने 'महिन्याचा शेवटचा शुक्रवार' निवडण्याचा सल्ला देऊन तक्रार बंद केली. जुलैचा शेवटचा शुक्रवार 25 तारखेला होता, म्हणजे कामकाजाचे चार दिवस त्यानंतर शिल्लक होते. असा सल्ला देण्यापूर्वी कोणी दिनदर्शिका उघडून पाहिली होती का, असा प्रश्न पडतो.

सणांच्या सुट्ट्या असा कोणताही नियम आपोआप ओळखत नाही, हे आम्ही जाणतो. 2022 मध्ये गणेश चतुर्थी बुधवारी, 31 ऑगस्टला आली होती. तशा वर्षी नियमातून तो दिवस EXDATE ने वगळून मंगळवार, 30 ऑगस्ट RDATE ने जोडावा लागतो, आणि हे काम आम्ही वर्षारंभी सुट्ट्यांची यादी समोर ठेवून स्वतः करू. परंतु पुढच्या दुरुस्तीत या ओळी शिल्लक राहतील याची खात्री आपण दिल्याशिवाय त्या लिहिण्यात अर्थ नाही.

तरी वेळ, शीर्षक किंवा सूचना बदलल्यास पुनरावृत्तीचा मूळ नियम जसाच्या तसा राहील अशी दुरुस्ती करावी, आणि ती होईपर्यंत असा नियम बदलण्यापूर्वी ॲपने स्पष्ट इशारा द्यावा. 'शेवटचा कामकाजाचा दिवस' हा पर्याय, कोणते शनिवार कामकाजाचे हे ठरवण्याच्या सोयीसह, कधी उपलब्ध होईल तेही कळवावे. दोन्ही .ics फाइली सोबत जोडल्या आहेत. तक्रार पुन्हा उघडून तिचा क्रमांक आणि दुरुस्तीची अपेक्षित तारीख पंधरा दिवसांत लेखी कळवावी. तसे न झाल्यास जानेवारीत वर्गणीचे नूतनीकरण न करता उरलेल्या मुदतीच्या परताव्याची मागणी करण्यात येईल.

आपला विश्वासू,
लेखापाल

सोबत : आयात केलेली व निर्यात झालेली .ics फाइल