मागून ‘टक्’ आल्याशिवाय गाडी हलू नये: परिवहन मंत्र्यांना साताऱ्याहून खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: मोटारीच्या मागच्या सीटवरच्या बेल्टसाठी लिहिल्या जाणाऱ्या घोषवाक्यांबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात पाट्या रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं, पण दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा महिना आला की शाळांच्या भिंती आणि कंपाउंड माझ्याकडे येतात. ‘अति घाई, संकटात नेई’, ‘आवरा वेगाला, सावरा जीवाला’ ही वाक्यं मी इतक्या वेळा लिहिली आहेत की आता खडूच्या रेघा न मारता लिहितो. ‘सीट बेल्ट लावा, सुरक्षित राहा’ हेही त्यातलंच.

मागच्या हिवाळ्यात कराडहून एक लग्न उरकून आम्ही परत येत होतो. भाचा गाडी चालवत होता, त्याची बायको त्याच्या शेजारी आणि मी तिच्या मागे. पुढच्या दोघांनी बेल्ट लावले होते. मी लावला नव्हता. उंब्रज मागं पडल्यावर पुढं अंधारात उसाची ट्रॉली होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. भाच्यानं ब्रेक दाबला, तरी ट्रॉलीच्या मागच्या चाकाला गाडी भिडलीच. धडकेच्या वेळी ताशी चाळीसचा वेग असावा, असं तो म्हणतो.

पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. सूनबाईला समोरून काही झालं नाही, छातीवर पट्ट्याचा वळ तेवढा उठला. पण तिच्या खांद्याचं मागचं पातं आणि तीन बरगड्या मोडल्या, त्याही पाठीच्या बाजूनं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि एवढंच विचारलं, “हिच्या मागं कोण बसलं होतं?” मी पुढं झालो. मला गुडघ्याला खरचटलं होतं आणि ओठ फुटला होता, बाकी काही नव्हतं.

नंतर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मी हे समजून घेतलं. त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं, तसं सांगतो. ताशी ४० किलोमीटरनं चाललेलं शरीर अचानक थांबणं म्हणजे साधारण सव्वासहा मीटर उंचीवरून खाली पडणं, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून. गाडीचं तोंड चेपत जातं, तेवढ्या दोनेक फुटांत बेल्ट लावलेला माणूस गाडीबरोबर थांबतो. तेवढ्यातही त्याला वजनाच्या दहापट जोर सोसावा लागतो, पण तो जोर कंबरेच्या आणि खांद्याच्या हाडांवर वाटला जातो. बेल्ट नसलेला माणूस मात्र गाडी थांबली तरी चाळीसच्याच वेगानं पुढं जात राहतो. त्याला थांबवते ती पुढची सीट. माझं वजन ७० किलो. दहापट धरलं तर ७०० किलो, म्हणजे ज्वारीची सात पोती. ती सात पोती मी सूनबाईच्या पाठीवर टाकली. तिचा बेल्ट तिला पुढून धरून होता, एअरबॅग पुढं होती, आणि मागून मी आलो.

हे माझ्या एकट्याच्या नशिबाचं नव्हतं. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २००२ साली छापलं होतं की मागचे प्रवासी बेल्टशिवाय असले, तर पुढच्या, बेल्ट लावलेल्या माणसांचा मरणाचा धोका जवळजवळ पाचपट होतो. सरांनी हे सांगितलं त्या दिवशी मला माझ्या वाक्यातली चूक दिसली.

‘सीट बेल्ट लावा, सुरक्षित राहा’ हे वाक्य मागच्या माणसाला लागूच पडत नाही, कारण तो सुरक्षितच आहे असं त्याला वाटतं. मलाही वाटत होतं. पुढं सीटची मऊ पाठ असते, काच लांब असते, स्टिअरिंग नसतं. बेल्ट लाव म्हटलं की आपण काय म्हणतो? “मागंच बसलोय की!” ज्याला भीतीच वाटत नाही त्याला सुरक्षिततेचं आमिष दाखवून काय होणार? आणि मरणाची भीती दाखवली तरी ती टिकत नाही. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले, ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. त्या गाडीतले पुढचे दोघे वाचले आणि मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. दोन्ही वेळा गावागावात चर्चा झाली. मीही ती केली. आणि तरीही त्या रात्री बेल्ट न लावता बसलो.

पण त्या रात्री मला कुणी म्हटलं असतं की, “मामा, तुम्ही बेल्ट लावला नाही तर लागेल ते हिला,” तर मी एका शब्दानं वाद न घालता लावला असता. मागच्या माणसाला स्वतःची काळजी नसेल, पण पुढं बसलेलं माणूस त्याच्या घरातलं असतं. ब्रिटनमध्ये मोठ्या माणसांना मागचा बेल्ट १९९१ साली सक्तीचा झाला. तरी १९९८ मध्ये सरकारला त्यासाठी जाहिरात करावी लागली, आणि तिच्यात दाखवलं ते हेच: मागं बेल्टशिवाय बसलेल्या मुलामुळे पुढं बेल्ट लावून बसलेली आई जाते. आपल्याकडेही कायदा आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटलाही लागू आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १००० रुपये आहे. मला मात्र आजवर कुणी मागचा बेल्ट विचारलेला नाही.

आता पाटी कुठं लावायची ते सांगतो, कारण तो माझा धंदा आहे. माझ्या अनुभवात एक इंच उंचीचं अक्षर चालत्या गाडीतून तीसेक फुटांवरून नीट वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून मधलं अक्षर आणखी बारीक होतं. सहा इंची अक्षर धरा, म्हणजे १८० फूट, ५५ मीटर. हायवेला ताशी ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. वाचायला अडीच सेकंद मिळाले, तेही चालवणाऱ्याला. मागच्याच्या समोर पुढच्या सीटचं डोकं असतं. त्याला बाजूच्या काचेतून दिसतं तोवर पाटी मागं गेलेली असते. म्हणजे मागच्या बेल्टची पाटी रस्त्यावर लावली, की वाचतो तो ज्यानं आधीच बेल्ट लावलेला आहे.

ती पाटी पुढच्या सीटच्या पाठीवर हवी. मागं बसलेला माणूस साताऱ्याहून पुण्यापर्यंत तीच पाठ बघत असतो. दोन फुटांवरून वाचायला अर्धा इंच अक्षर पुरतं. तिच्यावर मी एवढंच लिहीन:

‘पुढं आपलंच माणूस बसलंय. मागचा बेल्ट लावा.’

चालवणाऱ्यासाठी वेगळं वाक्य हवं, कारण मागच्याला सांगायचं तोंड त्यालाच आहे. एसटीत कंडक्टरनं दोनदा घंटी मारल्याशिवाय गाडी हलत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. बेल्टचं बक्कल बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून स्टिअरिंगजवळ लिहावं: ‘मागून टक् आलं, की गाडी हलू दे.’ यात पाहुण्यांना उपदेश केल्यासारखं होत नाही. आमच्याकडे थोरल्या माणसाला बेल्ट लाव म्हणायला जीभ रेटत नाही, पण “मामा, टक् आलं नाही अजून” म्हणता येतं. भाचा आता म्हणतो.

तिसरं वाक्य आयांसाठी आणि आज्यांसाठी: ‘मांडीवरचं लेकरू हातात राहत नाही.’ दहा किलोचं मूल त्याच चाळीसच्या धडकेत १०० किलोचं होतं. ज्वारीचं पोतं हातांनी कुणाला अडवता येईल? पण हे वाक्य लिहिताना मला खटकतं. मुलासाठी वेगळी सीट लागते, ती अजून थोड्याच घरांत आहे. वाक्य धोका सांगेल, पण पुढं काय करायचं ते त्यात मावत नाही.

आणि एक अडचण अशी आहे की तिच्यापुढं कुठलंही वाक्य चालत नाही. त्या रात्री मी पट्टा ओढून पाहिला होता. बक्कल सापडलं नाही. नव्या गाडीला सीट कव्हर घातलं होतं आणि मागची बक्कलं कव्हरखाली गेली होती. मी चाचपडलो आणि पट्टा सोडून दिला. त्यानंतर ओळखीच्या गाड्यांत बसलो की मी आधी हात घालून बघतो, आणि पुष्कळदा बक्कल गादीच्या फटीत किंवा कव्हरखालीच असतं. तसंच, तीन पट्ट्यांच्या सीटवर चौघं बसली तर काय सांगणार? वडापच्या जीपमध्ये मागची बाकं आडवी असतात, तिथं तर नियमही लागू होत नाही. त्या गाड्यांत हे स्टिकर लावू नये, लोक सगळ्याच पाट्यांवरचा विश्वास सोडतील.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. टुरिस्ट टॅक्सी फिटनेससाठी सातारा आणि कराडच्या आरटीओत येतात, तेव्हा मागची सगळी बक्कलं कव्हरच्या वर आहेत का आणि टक् होतात का, हे हात लावून बघायला सांगावं. जी गाडी यात बसेल, तिच्या सीटच्या पाठीवर तिथंच स्टिकर लावावं. सीट कव्हर शिवणाऱ्या दुकानदारांना एकदा बोलावून बक्कलासाठी चीर ठेवायला सांगावं.

आणि राज्यभर छापण्याआधी एका तालुक्यात करून बघावं. आनेवाडी टोलनाक्यावर गाडी सावकाश होते. तिथं दिवसाउजेडी एक तास उभं राहून मागच्या काचेतून खांद्यावरचा पट्टा दिसतो का ते मोजता येतं. ज्यांच्या काचेतून आत दिसत नाही त्या गाड्या सोडून द्याव्यात. स्टिकर लावण्याआधी मोजावं आणि तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजावं. आकडा हलला नाही तर माझं वाक्य काढून दुसरं लावावं, मला वाईट वाटणार नाही. इतकी वर्षं मी भिंती रंगवल्या, पण वाचून कुणी काही केलं का, हे कुणीच मोजलं नाही.

स्टिकरचा नमुना पत्रासोबत जोडला आहे. आठ इंच बाय तीन इंच, पिवळ्यावर काळी अक्षरं. पट्ट्याचं चित्रही काढलं आहे: खालचा पट्टा पोटावर नव्हे, कंबरेच्या हाडांवर, आणि वरचा गळ्यावर नव्हे, खांद्याच्या मध्यावर. चित्रातली बाई नऊवारीत आहे, कारण “साडीवर बेल्ट बसत नाही” हे मी फार वेळा ऐकलं आहे. सूनबाईनं स्वतः साडी नेसून, बेल्ट लावून दाखवला, त्यावरून मी चित्र काढलं. तिला अजून उजवा हात पूर्ण वर नेता येत नाही.

आपला,
एक पेंटर, सातारा