बाबांच्या जिभेचे तीन फोटो

नाशिक, २८ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांना सा. न.

फोनवर बोलायला घेतलं की बाबा "बघू गं" म्हणतात आणि आई फोन स्पीकरवर टाकून मध्येच कुकरकडे पळते. म्हणून लिहितेय. पत्र प्रसादच्या हाती देतेय, उद्या तो लालबागला येईल तेव्हा घेऊन येईल. बाबा, चष्मा लावून पूर्ण वाचा. शुक्रवारी सकाळी आपल्याला कुठे आणि कशासाठी जायचंय, ते यात आहे.

आई, तू दिवाळीच्या गडबडीत दोन फोटो पाठवून विचारलं होतंस, "दोन्ही फोड सारखेच दिसतात ना गं? माझा नेहमी बरा होतो, ह्यांचाही होईल." तुझा प्रश्न बरोबर होता. मोबाइलच्या फोटोत ते खरंच सारखे दिसतात. दोन्हींच्या तळाशी पिवळट पांढरा थर आहे. तो पू नाही. तोंडातल्या कुठल्याही जखमेवर अशी साय धरते, जखम साधी असो वा नसो. त्यामुळे त्या थरावरून निवाडा करता येत नाही.

आधी तुझा फोटो. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढा, गोल, उथळ, भोवती लालबुंद कडा. चकलीचा तुकडा लागला की डोळ्यांत पाणी यायचं, असं तूच म्हणालीस. १४ तारखेला तो फोटो आला आणि भाऊबीजेला तू आपणहून सांगितलंस की गेला. म्हणजे नऊ दिवस. ह्याला आपण "तोंड आलंय" म्हणतो. हा प्रकार बहुतेक वेळा ओठ, गाल, जिभेच्या खालची बाजू अशा मऊ, हलत्या जागी येतो, भरपूर दुखतो आणि साधारण सात ते चौदा दिवसांत वण न ठेवता भरून येतो. तुला तो माझ्या लहानपणापासून येतोय, जागरण झालं की हमखास. त्याची मला काळजी नाही. पण वर्षातून तीन-चारदा येतो आणि तू शाकाहारी आहेस, म्हणून तुझं हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ एकदा तपासून घेऊ. कमी असलं तर नुसत्या मलमाने तो परत परत येत राहील.

आता बाबांचा. माझ्याकडे त्यांचे तीन फोटो आहेत. पहिला आईने दसऱ्याला, २ ऑक्टोबरला काढलेला. तेव्हा बाबा म्हणाले होते, "दाढ लागली असेल." दुसरा १४ तारखेचा आणि तिसरा भाऊबीजेचा, २३ तारखेचा. दसरा ते भाऊबीज बरोबर एकवीस दिवस होतात. काल रात्री मी तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिला हललेला आहे, तिसऱ्यात फ्लॅशमुळे मधला भाग पांढराफटक झालाय. पण तिन्हींत शेजारची दाढ दिसते, आणि दाढ काही वाढत नाही, म्हणून मी तिचीच मोजपट्टी केली. पहिल्या फोटोत फोड दाढेच्या अर्ध्या रुंदीचा आहे. तिसऱ्यात जवळजवळ पूर्ण दाढेएवढा, म्हणजे अंदाजे एक सेंटिमीटर. तिन्ही वेळा जागा तीच, जिभेची डावी कड, मागच्या बाजूला. आईचा फोड त्याच महिन्यात आला आणि गेला. बाबांचा तिथेच आहे आणि थोडा वाढलाय.

माझा सगळा आग्रह ह्या एका फरकासाठी आहे. तीन आठवडे उलटून गेल्यावरही तोंडातला फोड भरला नसेल, तर तो साधा दिसतो म्हणून घरी ठेवायचा नाही, प्रत्यक्ष तपासून घ्यायचा. तोंडातली त्वचा फार लवकर भरून येते. ती भरत नसेल तर काहीतरी तिला भरू देत नाहीये, आणि ते काय आहे ते शोधावं लागतं.

बाबा, तुम्ही म्हणता, "दुखत नाही, तिखटसुद्धा फार लागत नाही, मग कशाला?" ह्याच वाक्यावर माझे पेशंट सगळ्यात जास्त वेळ घालवतात. साधं तोंड आलं की ते झोंबतं, जेवू देत नाही, म्हणून माणूस धावत येतो. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही. त्यामुळे न दुखणं ही खात्री नाही. तुमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी मला डोळ्याआड करता येत नाहीत. जिभेची कड ही त्या आजाराची नेहमीची जागा आहे. आणि तुम्ही गाडीवर असताना तीस वर्षं तंबाखू-चुना मळलात. सहा वर्षांपूर्वी ती सोडलीत, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. सोडल्याने धोका कमी होत जातो, पण एका दिवसात पुसला जात नाही.

फोटो पाहून मी कॅन्सर आहे असं म्हणत नाहीये. नाही असंही म्हणू शकत नाही. फोटोवरून कुणालाच ते सांगता येणार नाही, कारण जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते फोटोत येतच नाही. ते बोटाला कळतं. आम्ही रबरी हातमोजा घालून जखमेची कड दोन बोटांत धरून दाबतो. साधा फोड कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो. ज्याची काळजी करायची, त्याची कड आणि खालचा भाग नाकाच्या शेंड्यासारखा कडक लागतो, जणू जिभेत बटण शिवलंय. कड उचललेली, बाहेरच्या बाजूला वळलेली असते, हात लावला की रक्त येतं. तरीही आई, तू घरी दाबून मऊ लागलं म्हणून शुक्रवार रद्द करायचा नाहीस. सुरुवातीला कडकपणा सवयीच्या बोटालाही जेमतेम कळतो.

दाढेचं बाबांचं म्हणणं मी टाकून देत नाहीये. तिसऱ्या फोटोत त्या दाढेचा एक कोपरा तुटलेला स्पष्ट दिसतोय आणि फोड नेमका त्याच्या समोर आहे. अशा टोकदार दाढेने झालेली जखमही महिनाभर राहू शकते. तिची परीक्षा सोपी आहे. टोक घासून गुळगुळीत करायचं आणि पुढच्या दोन आठवड्यांत जखम भरते का ते बघायचं. पण अडचण अशी की टोकदार दाढ आणि कॅन्सर हे दोन्ही एकाच जिभेवर असू शकतात, आणि दाढेचं कारण सापडलं की माणूस पुढचं बघायचं थांबतो. म्हणून आधी तपासणी, आणि दाढ तिथेच घासून घेऊ. जखम कडक लागली किंवा भोवती लाल-पांढरा चट्टा दिसला, तर दोन आठवडे थांबायचंही नाही. मग लगेच तुकडा तपासायला पाठवायचा.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या दोन ट्यूब आजपासून बंद करा. एक जागा बधिर करते. दुसरीत स्टेरॉइड आहे. ते साध्या फोडाला उतार देतं, पण अशा ठिकाणी लालसरपणा दबतो आणि जखम बरी होतेय असं वाटतं. गेल्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ आले, साधारण बाबांच्याच वयाचे. चार महिने झाले होते. पण विचारलं तर म्हणाले, "आत्ताच दहा दिवस झाले." ते नवी ट्यूब आणली त्या दिवसापासून मोजत होते. प्रत्येक ट्यूबबरोबर मोजणी पुन्हा एकपासून सुरू. बाबा, तुमचा पहिला दिवस दसराच आहे. आज सव्वीस दिवस झाले.

शुक्रवारी आपण मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात जाऊ. तिथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. डॉक्टर कापडाने जीभ धरून बाजूला ओढतील, मागपर्यंत बघतील, बोटाने चाचपतील, मग मानेत गाठ आहे का ते बघतील. गरज वाटली तर तुकडा काढतील. जागा इंजेक्शनने बधिर करून कडेचा छोटा भाग, थोडा जखमेचा आणि थोडा चांगल्या त्वचेचा, असा घेतात. मधला भाग घेतला तर नुसती मेलेली त्वचा हाती लागते आणि रिपोर्टात काही कळत नाही. एखाद-दोन टाके पडतात. दोन-तीन दिवस मऊ भात खावा लागेल.

शेजारच्या काकांनी सांगितलं ना, "सुई लागली की पसरतं"? पसरत नाही. लोक तुकडा काढायला महिनोन् महिने घाबरतात, तोवर आजार आपल्या गतीने वाढलेला असतो, आणि दोष सुईवर येतो. समजा रिपोर्टात वाईट निघालंच, तर परळचं टाटा आपल्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. एवढ्याशा जखमेसाठी जिभेचा थोडाच भाग काढावा लागतो आणि पुढचं बोलणं-खाणं पुष्कळसं राहतं. दोन-तीन महिन्यांनी तसं राहीलच असं मी सांगू शकत नाही.

आई, निघण्याआधी त्यांना पोटभर नाश्ता दे, उपाशी जायची गरज नाही. हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाक, रिकामी झालेलीसुद्धा. छातीत दुखण्यावरच्या एका गोळीने, निकोरँडिलने, काहींना असेच न भरणारे फोड येतात, तेही डॉक्टरांना बघायचं असेल. पण ती किंवा रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि उद्या दुपारी खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून एक फोटो काढ. बाबांनी स्वच्छ रुमालाने जिभेचं टोक धरून उजवीकडे ओढायचं, दाढ चौकटीत आली पाहिजे.

मी गुरुवारी सकाळच्या पंचवटीने निघतेय. रात्री आपल्याकडेच राहीन. बाबा, शुक्रवारी टॅक्सीत मी तुमच्या शेजारी बसणार आहे आणि तपासताना तुमचा हात धरून उभी राहणार आहे. तुम्ही मला शाळेच्या पहिल्या दिवशी सोडायला आला होतात, तेव्हा घंटा होईपर्यंत हात सोडला नव्हतात.

तुमची,
मनू