केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र: परदेशी निघालेल्या शेतकऱ्याच्या नावावरची जुनी करमागणी

माननीय अर्थमंत्री महोदया,

सादर नमस्कार. मी बेळगावात करसल्लागार म्हणून काम करते. माझे बहुतेक अशील शहराच्या पश्चिमेकडच्या मराठी खेड्यांतले. आपण कर्नाटकातूनच राज्यसभेवर गेला आहात, म्हणून आमच्या भागातलं एक प्रकरण आपल्यापुढे ठेवते.

गेल्या वर्षी एक शेतकरी जोडपं माझ्याकडे आलं. काकांची पासष्टी झालेली. मुलगी कॅनडात स्थायिक, आणि आता दोघंही कायमची तिच्याकडे निघालेली. व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटानं त्यांना सांगितलं होतं, "टॅक्स क्लिअरन्स सर्टिफिकेट नसेल तर विमानात बसू देणार नाहीत." त्यासाठी त्यानं आगाऊ पैसेही घेतले होते. काकू पिशवीतून उतारे, खरेदीखताची झेरॉक्स आणि पासबुकं एकेक करून टेबलावर मांडत होत्या.

मी त्यांना सांगितलं की असं सर्टिफिकेट, म्हणजे कराबाबत हरकत नसल्याचा दाखला, सगळ्यांना लागत नाही. तेव्हा लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 230 मध्ये ही तरतूद होती. भारतात कायम राहणाऱ्या माणसाला ते तेव्हाच घ्यावं लागतं, जेव्हा आयकर अधिकारी तसं ठरवतो. 2004 सालच्या सूचनेप्रमाणे त्याची कारणं दोनच आहेत. एक म्हणजे गंभीर आर्थिक गैरव्यवहाराच्या तपासासाठी त्या माणसाची गरज असणं आणि त्याच्यावर कराची मागणी निघण्याची शक्यता असणं. दुसरं म्हणजे 10 लाखांच्या वर प्रत्यक्ष कराची थकबाकी असणं, आणि तिला कुणीही स्थगिती दिलेली नसणं. शिवाय अधिकाऱ्यानं कारण लिहून ठेवायचं आणि मुख्य आयुक्तांची आधी मंजुरी घ्यायची. हे सगळं झालं, तरच माणसानं फॉर्म 31 भरून अर्ज करायचा आणि फॉर्म 33 मधला दाखला घ्यायचा. 2024 च्या अर्थसंकल्पात या कलमात काळ्या पैशाच्या कायद्याचा उल्लेख आला, तेव्हा दाखला आता प्रत्येकालाच लागणार अशी आवई उठली. आपल्या खात्यानं 20 ऑगस्ट 2024 ला खुलासा केला. तो खुलासा आमच्या खेड्यांत पोचला नाही, आवई मात्र पोचली.

तरीही जाण्याआधी पाटी कोरी आहे ना, हे बघावं म्हणून मी काकांचा पॅन टाकून पोर्टल उघडलं. `Pending Actions` मध्ये `Response to Outstanding Demand` वर क्लिक केलं, आणि 15 लाखांच्या वरची करमागणी समोर आली. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेलं नव्हतं.

झालं होतं असं. मार्च 2018 मध्ये त्यांनी वडिलोपार्जित 32 गुंठे शेत 38 लाखांना विकलं. 30 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहाराची माहिती सब-रजिस्ट्रार कार्यालयातून आयकर खात्याकडे जाते, तशी ती गेली. विवरणपत्र नाही म्हणून मार्च 2022 मध्ये नोटीस निघाली. ती गेली पॅन काढताना दिलेल्या ईमेलवर, आणि तो ईमेल होता तालुक्याच्या गावातल्या पॅन काढून देणाऱ्या दुकानदाराचा. उत्तर आलं नाही म्हणून मार्च 2023 मध्ये एकतर्फी आदेश झाला. पूर्ण 38 लाख नफा धरले गेले, जमिनीची मूळ किंमतही वजा झाली नाही. कर झाला सुमारे 7 लाख 31 हजार, आणि विवरणपत्र न भरल्याचं नि आगाऊ कर न भरल्याचं व्याज मिळून कराहूनही जास्त. त्यावर आदेशानंतर दरमहा 1 टक्का चालूच आहे.

आणि मुळात या जमिनीवर कर लागतच नव्हता. ग्रामीण शेतजमीन ही आयकर कायद्याच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता नाही. ग्रामीण कुठली, हे जवळच्या नगरपालिकेच्या लोकसंख्येवर ठरतं. 2011 च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या जरा आत होती, म्हणजे 1 ते 10 लाखांच्या गटात, आणि या गटासाठी हद्दीपासूनचं अंतर 6 किलोमीटरपेक्षा जास्त हवं. कॅन्टोन्मेंटचाही वेगळा हिशेब करावा लागतो. तिची लोकसंख्या लाखाच्या आत, म्हणून तिथं मर्यादा 2 किलोमीटर. हे अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्यानं नाही. आमच्याकडे लोक गाडीच्या मीटरवर अंतर सांगतात आणि फसतात. रस्त्यानं 7 किलोमीटर असलेलं शेत सरळ रेषेत 5 च भरलं, तर त्यावर कर लागतो. काकांचं शेत सरळ रेषेत 7 किलोमीटरवर होतं. तहसीलदारांकडून तसा दाखला काढायला आम्हाला सात आठवडे लागले.

पण जमीन करमुक्त आहे एवढं सिद्ध करून काम भागत नाही. आदेश उभा आहे तोवर थकबाकी उभी, आणि ती 10 लाखांच्या वर. म्हणजे एजंटानं भीती घातली ती सरसकट खोटी होती, पण नेमकी यांच्या बाबतीत खरी ठरायला वाव होता. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांची. ती केव्हाच गेली, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडून फॉर्म 35 भरला. ज्यानं विवरणपत्र भरलेलं नाही त्यानं अपिलाआधी आगाऊ कराइतकी रक्कम भरायची अट आहे. त्यातून सूटही त्याच अर्जात मागितली. मग स्थगितीचा अर्ज. प्रचलित सूचनेप्रमाणे वादातल्या मागणीच्या 20 टक्के भरले की अधिकारी सहसा स्थगिती देतो. म्हणजे तीन लाखांच्या वर, तेही न लागणाऱ्या करापोटी. काकूंनी मुलीच्या लग्नातल्या पाटल्या विकायची तयारी केली होती. मी थांबवलं. तहसीलदारांचा दाखला जोडून वरिष्ठांकडे कमी रकमेवर स्थगिती मागितली. त्याचं उत्तर यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांना कुणी अडवलं नाही, आणि टॅक्स क्लिअरन्सचा दाखला घ्या असंही कुणी लेखी कळवलं नाही. पण आपल्याला अडवतील की नाही हे कळण्याचा मार्गही त्यांच्याकडे नव्हता. तिकिटं दोनदा बदलावी लागली.

महोदया, माझ्या तीन मागण्या आहेत.

ज्यानं कधीच विवरणपत्र भरलेलं नाही, त्याला जमीन विक्रीवरची पहिली नोटीस ईमेलबरोबर खरेदीखतावरच्या पत्त्यावर टपालानंही पाठवा. तो पत्ता सब-रजिस्ट्रारकडे असतोच. सोबत एक पान मराठीत आणि कन्नडमध्ये असू द्या.

स्थगितीच्या अर्जावर 30 दिवसांत निर्णय झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत ती मागणी 10 लाखांच्या हिशेबात धरू नये. ही 10 लाखांची मर्यादाही 2004 सालची आहे. त्यानंतर आमच्याकडे गुंठ्याचे दर कुठून कुठे गेले, हे कुठल्याही सब-रजिस्ट्रार कार्यालयात विचारता येईल.

आणि आपल्या पॅनवर टॅक्स क्लिअरन्सचा दाखला मागण्याचा आदेश निघाला आहे का, हे पोर्टलवरच एका ओळीत दिसू द्या. नवीन 2025 च्या कायद्यासाठी खातं आपल्या यंत्रणा बदलत आहेच, त्यात एवढी भर घालता येईल.

काकांचं अपील अजून प्रलंबित आहे. स्थगिती मिळाली आणि ते दोघं गेल्या महिन्यात गेले. अपिलाची तारीख लागली की पहाटे फोन कर, असं काका मला सांगून गेले आहेत.

आपली,
एक करसल्लागार, बेळगाव